बातमीतले ‘टक्के’ आणि ‘सरासरी’ कशा वाचायच्या?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे अनेक कारखाने आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा अतिरिक्त आयात कर आधी २५ आणि मग २७ तारखेपासून ५० टक्के केला. अशा वेळी येऊ शकेल अशा बातमीचा हा नमुना पाहा (कराचे दर खरे, बाकी आकडे समजुतीसाठी):

‘कर २५ टक्क्यांनी वाढल्याने अमेरिकेत टॉवेल २५ टक्क्यांनी महागणार. एमआयडीसीतील चार कारखान्यांच्या ऑर्डर सरासरी ४० टक्क्यांनी घटल्या.’

पहिल्या वाक्यात खरी चूक आहे. १० डॉलरच्या मालावर आधी अडीच डॉलर कर लागत होता, मग पाच डॉलर लागू लागला. म्हणजे कराचा दर २५ टक्केबिंदूंनी वाढला, पण कराची रक्कम दुप्पट झाली, म्हणजे १०० टक्क्यांनी वाढली. करासह माल साडेबारा डॉलरवरून पंधरावर गेला, ही वाढ २० टक्के. (मूळचा नियमित कर हिशेब सोपा राहावा म्हणून सोडून दिला आहे.) तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण प्रत्येकाचा पाया वेगळा आहे. बातमीत मात्र दराची वाढ उचलून किमतीला चिकटवली आहे. शिवाय सगळा बोजा ग्राहकावरच पडेल हे तिने गृहीत धरले. थोडा बोजा कारखानदार किंवा आयातदार सोसतो, तेव्हा किंमत २० टक्केही वाढत नाही.

दुसरे वाक्य जास्त फसवे आहे, कारण त्यात चूक सापडतच नाही. समजा, एका मोठ्या कारखान्याकडे ७०० टनांच्या ऑर्डर होत्या आणि त्या १० टक्क्यांनी घटल्या. तीन छोट्यांकडे प्रत्येकी १०० टनांच्या होत्या आणि त्या निम्म्यावर आल्या. १०, ५०, ५०, ५० यांची सरासरी ४० येते. पण टनांत मोजले तर ७० अधिक १५०, म्हणजे १००० टनांतले २२० टन गेले. एकूण घट २२ टक्केच!

सूत विकणारा व्यापारी ४० हा आकडा धरून माल कमी मागवेल तर त्याचा हिशेब चुकेल, कारण त्याला २२ हवा. छोट्या कारखान्यातल्या कामगाराला यातला कोणताच आकडा उपयोगाचा नाही; त्याच्याकडचे निम्मे काम गेले आहे. आणि गंमत म्हणजे, ४० टक्के घट चारपैकी एकाही कारखान्यात झालेली नाही.

म्हणून सरासरी दिसली की ती कारखान्यांची आहे की मालाची, हे बातमीत शोधावे. एकूण टन किंवा रुपये दिलेले नसतील तर ते कळायला मार्ग नसतो.

पुढे ‘छोट्या कारखान्यांच्या ऑर्डर ५० टक्क्यांनी वाढल्या’ अशी बातमी आली, तरी ५० टनांवरून ते ७५ वरच पोचलेले असतील. पुन्हा १०० टन गाठायला १०० टक्के वाढ लागते.