‘फिबोनाची’ पातळ्या : सुवर्ण गुणोत्तर की गर्दीचे लक्ष?

शेअर बाजार मोठ्या प्रमाणात घसरला, की तो पुन्हा कुठवर चढून अडखळेल याचा अंदाज बांधण्यासाठी अनेक व्यावसायिक आलेखावर काही आडव्या रेषा ओढतात. यांनाच ‘फिबोनाची रिट्रेसमेंट’ असे म्हणतात. घसरणीचा उच्चांक आणि नीचांक निश्चित करायचा, त्यांतील अंतर काढायचे आणि त्या अंतराच्या २३.६, ३८.२, ५०, ६१.८ व ७८.६ टक्क्यांवर रेषा आखायच्या, एवढीच ही कृती आहे.

हे टक्के १, १, २, ३, ५, ८, १३, २१… या श्रेणीतून येतात. तीत प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते. श्रेणीत पुढे गेल्यावर कोणत्याही संख्येला पुढच्या संख्येने भागले, तर उत्तर ०.६१८ च्या जवळ स्थिरावते. एक सोडून पुढच्या संख्येने भागल्यास ०.३८२ मिळते. फिबोनाचीने १२०२ मध्ये ही श्रेणी मांडली, परंतु एकमात्रिक लघू आणि द्विमात्रिक गुरू यांच्या रचना मोजताना आचार्य हेमचंद्र त्याच्या अर्धशतक आधीच तेथे पोहोचले होते. पन्नास टक्क्यांची रेषा मात्र या श्रेणीच्या गुणोत्तरांतून आलेली नाही. ‘निम्मी भरपाई’ ही बाजाराची जुनी समजूत या कुटुंबात दत्तक आली आहे.

आता २०२० मधील निफ्टी पाहू. २० जानेवारीला या निर्देशांकाने १२,४३०.५० चा उच्चांक गाठला आणि करोनाच्या धास्तीने २४ मार्चला तो ७,५११.१० पर्यंत कोसळला. हे अंतर ४,९१९.४० अंशांचे. त्यावरून ३८.२ टक्क्यांची पातळी सुमारे ९,३९०, पन्नासची ९,९७१ आणि ६१.८ ची १०,५५१ येते. निर्देशांकाने पहिली पातळी एप्रिलअखेर ओलांडली. ३० एप्रिलला तो ९,८८९ पर्यंत चढला आणि मग मेच्या मध्यापर्यंत हजारभर अंश खाली आला. पन्नास टक्क्यांच्या रेषेने त्याला अडवले, असे म्हणता येईल. पण दहा हजारांचा गोल आकडाही तेथून हाकेच्या अंतरावर होता. पुढे २ जुलैला निफ्टी १०,५५१.७० वर बंद झाला. भाकिताशी इतका तंतोतंत मेळ क्वचितच बसतो. तरीही दुसऱ्याच दिवशी तो १०,६०७ वर बंद झाला आणि चढतच राहिला. ज्या रेषेवर तो अचूक टेकला, तिने त्याला अडवलेच नाही.

असे मेळ नुसत्या योगायोगाने किती बसावेत? पाच रेषांपैकी प्रत्येकीच्या वर-खाली दोन-दोन टक्क्यांची सूट दिली, की शंभरांतील वीस टक्के जागा व्यापली जाते. म्हणजे बाजार त्या पट्ट्यात कुठेही वळला, तरी पाचांतून एकदा रेषा ‘खरी ठरली’ असे वाटेल. रॉय बॅचलर आणि रिचर्ड रामयार यांनी २००६ मध्ये अमेरिकेच्या डाऊ निर्देशांकातील चढउतारांची परस्पर गुणोत्तरे तपासली, तेव्हा फिबोनाची गुणोत्तरे योगायोगापेक्षा अधिक वेळा आढळली नाहीत.

मग अनुभवी व्यावसायिकही या रेषा का पाहतात? इतर पाहतात म्हणून. अनेकांनी एकाच पातळीजवळ विक्रीचे आदेश लावून ठेवले, तर भाव तेथे पोहोचताच पुरवठा वाढतो आणि चढ मंदावतो. चलनबाजारातील प्रत्यक्ष आदेश अभ्यासताना कॅरल ऑस्लर यांना असे साचणे गोल आकड्यांभोवती स्पष्ट दिसले होते : नफावसुलीचे आदेश थेट आकड्यावर, तर ‘स्टॉप लॉस’चे आदेश त्याच्या किंचित पलीकडे. म्हणूनच आकड्याजवळ भाव अडखळतो, पण एकदा तो ओलांडला की वेगाने धावतो. फिबोनाची रेषांवर पुरेशी गर्दी जमली, तर तेथेही असेच घडावे. मात्र या गर्दीला स्वतःचाच शाप आहे. सर्वांना ९,९७१ ची रेषा ठाऊक असेल, तर चतुर विक्रेता तिथवर थांबत नाही. तो आधीच विकतो आणि भाव रेषेला न शिवता परततो.

प्रभाव लक्षाचा असेल, तर तो ठळक उच्चांक-नीचांक असलेल्या निर्देशांकांत अधिक दिसावा आणि फारसे कोणी न पाहणाऱ्या लहान शेअरमध्ये विरावा. शिवाय सर्वांची रेषा एकच हवी. तीही नेहमी नसते. वरचाच आलेख लघुगणकी मापनावर आखला, तर ६१.८ टक्क्यांची पातळी १०,५५१ ऐवजी सुमारे १०,२५४ येते. दोन व्यावसायिक एकाच घसरणीवर तीनशे अंशांच्या अंतराने दोन रेषा ओढून बसतात, आणि भाव त्यांपैकी एकीजवळ वळला, की त्या दिवशी तीच दाखवली जाते.