कोलॅजनची पावडर प्यायल्याने ते चेहऱ्यावर पोहोचतं का? क्रीमचं काय? समजून घ्या

‘तिशीनंतर शरीरातलं कोलॅजन दरवर्षी १ टक्का कमी होतं. रोज एक चमचा पावडर घ्या, कोलॅजन थेट त्वचेत जाईल आणि ९० दिवसांत सुरकुत्या गायब.’ अशा आशयाची रील्स आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तुम्हीही पाहिले असतील. डबे ऑनलाइन मिळत असल्याने हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. भुसावळ-वरणगावकडच्या घरांतही हे डबे मागवता येतात.

या दाव्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. वयाबरोबर त्वचेतलं कोलॅजन खरंच कमी होतं. अडचण आहे ती ‘थेट त्वचेत जाईल’ या शब्दांत.

थोडक्यात

- प्यायलेलं कोलॅजन आतड्यात तुटतं. ते कोलॅजन म्हणून त्वचेपर्यंत जात नाही.
- त्याचे काही छोटे तुकडे रक्तात सापडतात. पण त्यामुळे सुरकुत्या कमी होतात, याचा भक्कम पुरावा नाही.
- क्रीममधलं कोलॅजन त्वचेच्या वरच्या थरावरच राहतं. ते मॉइश्चरायझरसारखं काम करतं.

कोलॅजन म्हणजे नक्की काय?

कोलॅजन हे एक प्रथिन आहे. त्वचा, हाडं, कूर्चा आणि स्नायूबंध यांना त्यामुळे मजबुती मिळते. त्याची रचना उलगडण्यात भारताचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात या रचनेबद्दलचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. सुंभाच्या दोरीला पीळ द्यावा, तसे कोलॅजनमध्ये तीन लांब धागे एकमेकांभोवती गुंफलेले असतात.

या रचनेमुळे कोलॅजनचा रेणू लांबलचक आणि खूप मोठा होतो. त्याचं वजन सुमारे ३ लाख डाल्टन असतं. डाल्टन हे रेणूंचं वजन मोजण्याचं एकक आहे. हा आकडा लक्षात ठेवा, क्रीमच्या वेळी तो पुन्हा लागेल.

पावडर प्यायल्यावर पोटात काय होतं?

डब्यावर बहुतेक वेळा ‘हायड्रोलाइझ्ड कोलॅजन’ किंवा ‘कोलॅजन पेप्टाइड’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे जनावरांची कातडी, हाडं किंवा माशांची कातडी, खवले यांतलं कोलॅजन कारखान्यातच तोडून बारीक केलेलं असतं. त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळतं.

ही पावडर पोटात गेली की पचनरस तिला आणखी तोडतात. डाळीतल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनांचं होतं तेच इथेही होतं. शेवटी उरतात सुटी अमिनो आम्लं आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे छोटे तुकडे. ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातात आणि रक्ताबरोबर सगळ्या शरीरात फिरतात. त्यावर ‘चेहऱ्यासाठी’ असा पत्ता लिहिलेला नसतो. शरीर त्यातली अमिनो आम्लं स्नायूंसाठी वापरेल, यकृतात जाळून ऊर्जा मिळवेल किंवा आणखी कशासाठी वापरेल.

यावर काही जण म्हणतात, ‘सगळं पचून अमिनो आम्लं होतात, मग डाळ खाल्ली काय आणि कोलॅजन प्यायलं काय, सारखंच.’ हेही अर्धवट आहे. कोलॅजनचे काही छोटे तुकडे पचनातून टिकतात. त्यातला सर्वांत जास्त अभ्यासलेला तुकडा प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन या दोन अमिनो आम्लांच्या जोडीचा आहे. कोलॅजन प्यायल्यावर एक-दोन तासांत तो माणसाच्या रक्तात मोजता येतो, हे जपानी संशोधकांनी २००५ साली दाखवलं. प्रयोगशाळेत हा तुकडा त्वचेतल्या पेशींना चालना देताना दिसला आहे.

मग हा तुकडा नव्या कोलॅजनमध्ये बसतो का? तसाच्या तसा नाही. आपल्या पेशी कोलॅजनचा धागा विणताना आधी साधं प्रोलिन वापरतात. धागा तयार झाल्यावर, ‘क’ जीवनसत्त्वाच्या मदतीने, त्यातल्या काही प्रोलिनचं हायड्रॉक्सिप्रोलिन करतात. बाहेरून आलेलं तयार हायड्रॉक्सिप्रोलिन धाग्यात ओवण्याची सोय पेशीत नसते. त्यामुळे ‘कोलॅजन प्या, तेच त्वचेत भरलं जाईल’ हे चित्र चुकीचं आहे. काही परिणाम होत असेलच, तर तो या तुकड्यांनी पेशींना दिलेल्या इशाऱ्यामुळे होत असावा. तो होतो की नाही, हे माणसांवरच्या चाचण्यांतूनच ठरतं.

मग चाचण्या काय सांगतात?

अशा बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. त्यात एका गटाला रोज साधारण २.५ ते १० ग्रॅम कोलॅजन आणि दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी पण कोलॅजन नसलेली पावडर दोन-तीन महिने दिली जाते. मग त्वचेचा ओलावा आणि लवचिकता यंत्राने मोजतात. २०२१ साली अशा १९ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कोलॅजन घेणाऱ्यांची त्वचा थोडी सुधारल्याचा निष्कर्ष होता. जाहिरातींत ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ म्हणतात ते असल्याच अभ्यासांच्या आधारावर.

पण २०२५ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २३ चाचण्यांचा आणखी एक आढावा आला. त्यात संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला: चाचणीचा खर्च कोणी केला? सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर ओलावा, लवचिकता आणि सुरकुत्या या तिन्हींत फायदा दिसत होता. ज्या चाचण्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता, त्या वेगळ्या काढल्यावर तिन्हींतला फायदा नाहीसा झाला. चांगल्या दर्जाच्या चाचण्यांतही ठोस फायदा दिसला नाही.

कंपनीने पैसे दिले म्हणजे अभ्यास खोटा, असं नाही. पण फायदा कंपन्यांच्याच चाचण्यांत दिसत असेल, तर त्याला ‘सिद्ध’ म्हणता येत नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०१३ साली एका कोलॅजन उत्पादनाचा ‘त्वचेची लवचिकता वाढते’ हा दावा तपासला आणि पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं.

‘पण मला फरक दिसला!’

असं म्हणणारे लोक खोटं बोलत नसतात. वरणगावचंच उदाहरण घेऊ. समजा, तिथल्या कोणी मे महिन्यात पावडर सुरू केली. तेव्हा खानदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, गरम कोरडी हवा असते, त्वचा ओढल्यासारखी होते. तीन महिन्यांचा कोर्स संपतो ऑगस्टमध्ये. तोवर पावसाळा आलेला असतो, हवेत ओलावा असतो, उन्हात फिरणंही कमी झालेलं असतं. मे आणि ऑगस्टचे फोटो शेजारी ठेवले तर चेहरा ऑगस्टमध्ये टवटवीत दिसणारच. पावडर घेतली नसती तरी तो तसा दिसला असता.

शिवाय डबा विकत घेतलेला माणूस बऱ्याचदा पाणी जास्त पितो, रोज क्रीम लावतो, झोपेकडे लक्ष देतो. म्हणूनच चाचणीत दुसरा गट लागतो. ऋतू बदलल्यावर त्या गटाचीही त्वचा बदलते आणि तेवढा बदल वजा करता येतो. ‘आधी आणि नंतर’च्या फोटोंत असा दुसरा गट नसतो.

कोलॅजन क्रीम काय करतं?

त्वचेतलं कोलॅजन वरच्या थराच्या खाली, आतल्या थरात असतं. वरचा थर बाहेरच्या गोष्टी आत येऊ नयेत म्हणूनच बनलेला आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत. कोलॅजनचा पूर्ण रेणू ३ लाख डाल्टनचा, म्हणजे या मर्यादेच्या सुमारे ६०० पट. तोडलेलं कोलॅजनही बहुधा काही हजार डाल्टनचं असतं.

त्यामुळे क्रीममधलं कोलॅजन वरच राहतं, पाणी धरून ठेवतं आणि त्वचा मऊ वाटते. ओलाव्यामुळे बारीक रेषा काही तास कमी दिसतात. तोंड धुतलं की परिणामही जातो. हेच काम ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर कमी पैशांत करतं.

विकत घ्यायचंच असेल तर लेबलवर काय पाहाल?

मात्रा: गोळीत किंवा गमीत किती ग्रॅम कोलॅजन आहे ते वाचा. एका गोळीत जेमतेम १ ग्रॅम मावतो. अशी एक गोळी चाचण्यांतल्या मात्रेच्या जवळही जात नाही.

खर्च: रोज १० ग्रॅम घेतल्यास २५० ग्रॅमचा डबा २५ दिवस पुरतो. ९० दिवसांना ९०० ग्रॅम, म्हणजे जवळपास चार डबे लागतात. एक डबा १,२०० रुपयांचा धरला तर हा खर्च ४,८०० रुपये होतो.

शाकाहारी खूण: कोलॅजन प्राण्यांतूनच मिळतं. खऱ्या कोलॅजनच्या डब्यावर मांसाहाराची तपकिरी खूण असायला हवी. हिरवी खूण असलेल्या ‘कोलॅजन बिल्डर’मध्ये सहसा कोलॅजन नसतंच. त्यात ‘क’ जीवनसत्त्व, अमिनो आम्लं आणि वनस्पतींचे अर्क असतात. घरात शाकाहार पाळत असाल तर हे आधी तपासा.

प्रथिनांचा आकडा: कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं. त्यामुळे जेवणातल्या डाळीच्या, दुधाच्या किंवा अंड्याच्या जागी ते चालत नाही.

कोणी सावध राहावं?

माशांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी माशांपासून बनवलेलं कोलॅजन टाळावं. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये. हायड्रॉक्सिप्रोलिनचा काही भाग शरीरात ऑक्झलेटमध्ये बदलतो आणि बरेच खडे ऑक्झलेटचेच असतात. जास्त मात्रेत जिलेटिन दिलेल्या अभ्यासात लघवीतलं ऑक्झलेट वाढलेलं आढळलं आहे. उन्हाळ्यात घाम जाऊन लघवी कमी होते, तेव्हा ही गोष्ट जास्त महत्त्वाची ठरते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

त्वचेतलं कोलॅजन टिकवायला काय उपयोगी पडतं?

उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजन तोडणारी विकरं वाढतात. म्हणून ऊन अडवणं हा सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे ९०० लोकांवर साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा २४ टक्के कमी दिसल्या. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. खानदेशात स्कूटीवर जाताना चेहऱ्याला बांधलेला रुमाल किंवा ओढणीही ऊन बऱ्यापैकी अडवते. विडी-सिगारेटनेही सुरकुत्या वाढतात. ट्रेटिनॉइन या औषधी क्रीमचा सुरकुत्यांवरचा परिणाम चाचण्यांत दिसला आहे, पण ते त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरायचं असतं आणि गरोदरपणात टाळायचं असतं.

निष्कर्ष

‘प्यायलेलं कोलॅजन थेट त्वचेत जातं’ हा दावा चुकीचा आहे. ‘त्यामुळे त्वचेला थोडा फायदा होतो’ हा दावा अजून सिद्ध झालेला नाही. ‘कोलॅजन क्रीम त्वचेत कोलॅजन भरतं’ हा दावाही चुकीचा आहे, ते फक्त ओलावा देतं.