वाक्याचा शेवट का पडतो? अपटॉक, व्होकल फ्राय आणि गिळलं जाणारं 'नाही'

'बँक फोनवर कधीही ओटीपी मागत नाही.' हे वाक्य एखाद्या रीलमध्ये कुणी बोललं आणि शेवटचा 'नाही' पुटपुटल्यासारखा निघाला, तर ऐकणाऱ्याच्या कानावर काय पडतं? 'बँक फोनवर कधीही ओटीपी मागत...' पार्श्वसंगीत चालू असेल, तर अर्थ थेट उलटाही होऊ शकतो.

इंग्रजीत 'नाही' सांगणारा शब्द बहुतेक वेळा वाक्याच्या सुरुवातीला किंवा मध्ये येतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही तिथेच येतो. 'येणार आहे' आणि 'येणार नाही' यातला सगळा फरक शेवटच्या शब्दात असतो. त्यामुळे वाक्याचा शेवट बिघडण्याची किंमत मराठीत जास्त मोजावी लागते.

हा शेवट साधारण तीन प्रकारे बिघडतो.

१. अपटॉक : विधानाचा प्रश्न होतो

साधं विधान करताना शेवटी सूर वर चढवणं म्हणजे अपटॉक. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या इंग्रजीत ही लकब जुनी आहे. अमेरिकेत ती कॅलिफोर्नियातल्या तरुण मुलींशी जोडली गेली. १९९३ मध्ये जेम्स गोरमन यांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात तिला 'अपटॉक' म्हटलं आणि तेच नाव रुळलं.

मराठीत याची अडचण वेगळी आहे. 'दुकान उघडं आहे.' आणि 'दुकान उघडं आहे?' या दोन वाक्यांत शब्द अगदी तेच आहेत. बोलताना 'का' लावला नाही, तर फरक फक्त सुराचा. शेवट वर गेला की ऐकणाऱ्याला वाटतं, हा सांगतोय की विचारतोय?

मात्र प्रत्येक चढता सूर चुकीचा नसतो. 'कांदा, टोमॅटो, कोथिंबीर...' अशी यादी सांगताना सूर वर राहतो, कारण पुढे अजून काही येणार आहे. गडबड तेव्हा होते, जेव्हा बोलणं संपलेलं असतं आणि सूर मात्र 'अजून आहे' असं सांगत राहतो.

२. व्होकल फ्राय : आवाज चरचरतो

सकाळी उठल्या उठल्या आवाजाला येणारी चरचर म्हणजे व्होकल फ्रायचाच प्रकार. गरम तेलात काहीतरी तडतडावं तसा तो ऐकू येतो, म्हणून हे नाव.

नेहमीच्या बोलण्यात पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा आणि स्त्रियांचे २०० च्या आसपास कंप पावतात. फ्रायमध्ये ते ढिले पडतात, हवेचा दाब कमी होतो आणि कंपनं साधारण २० ते ७० वर येतात. कंपनं इतकी संथ आणि अनियमित होतात की सलग सूर न ऐकू येता सुटे सुटे ठोके ऐकू येतात.

याचा दोष अनेकदा तरुण मुलींना दिला जातो. प्रत्यक्षात पुरुषही असं बोलतात; त्यांचा आवाज मुळातच खालचा असल्याने ते कमी खटकतं. २०१४ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासात ८०० श्रोत्यांना आवाज ऐकवले गेले. फ्राय असलेले आवाज त्यांना कमी विश्वासार्ह वाटले आणि स्त्रियांच्या बाबतीत हा परिणाम जास्त दिसला. पण त्यातले फ्रायचे आवाज मुद्दाम काढलेले होते, त्यामुळे हा निष्कर्ष जपूनच वापरायला हवा. अधूनमधून येणाऱ्या फ्रायने घसा बिघडतो, असंही नाही.

३. आवाज विरणं : श्वास आधी संपतो

वाक्य पुढे सरकतं तशी फुप्फुसातली हवा कमी होते आणि सूर हळूहळू खाली येतो. हे सगळ्यांचंच होतं. पण वाक्य लांब असेल, तर क्रियापदापर्यंत पोचताना हवा उरतच नाही. मग शेवटचे शब्द एकतर विरतात किंवा चरचरतात. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचं मूळ बरेचदा एकच असतं.

मोबाइलमध्ये भर पडते ती आवाज स्वच्छ करणाऱ्या फिल्टरची. हळू आवाजाला तो खोलीतला गोंगाट समजतो आणि 'नाही' उरलासुरला कापून टाकतो.

आपलं काय चुकतंय, हे कसं ओळखायचं?

एक मिनिट नेहमीसारखं बोलून रेकॉर्ड करा. मग मोबाइल टेबलावर ठेवून चार-पाच पावलं लांब जा आणि इअरफोनशिवाय ऐका. प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्दच ऐकायचे. चढले, चरचरले की विरले, याची नोंद करा. बहुतेकांचा एकच प्रकार वारंवार येतो.

शेवट सावरायचा कसा?

एक वाक्य घेऊन पाहू :

'बँकेचा कोणताही कर्मचारी तुम्हाला फोन करून तुमच्या खात्याचा ओटीपी किंवा एटीएम कार्डाचा पिन कधीही मागत नाही.'

*आधी वाक्य तोडा.* 'बँकेचा कर्मचारी फोनवर ओटीपी मागत नाही. पिनही मागत नाही.' एकाची दोन वाक्यं झाली आणि 'नाही' दोनदा स्पष्ट आला.

*श्वास वाक्याआधी घ्या.* छाती फुगवून नको, नेहमीपेक्षा किंचित जास्त पुरे. फार हवा भरली की ती पहिल्याच शब्दांत भसकन निघून जाते.

*शेवटून सराव करा.* आधी फक्त 'मागत नाही' म्हणा. मग 'ओटीपी मागत नाही'. मग 'फोनवर ओटीपी मागत नाही'. शेवटी पूर्ण वाक्य. दरवेळी 'नाही' पहिल्या वेळेइतकाच मोठा आला पाहिजे.

*सूर उतरवा, पण तळाला नेऊ नका.* 'नाही'वर सूर खाली यायला हवा, आवाज मात्र लहान व्हायला नको. चरचर आली, तर तो शब्द किंचित वरच्या सुरात आणि थोड्या जोरात म्हणा. बहुतेक वेळा ती जाते. सूर वर चढत असेल, तर 'मागत नाही?' आणि 'मागत नाही.' असं पाठोपाठ म्हणून फरक कानात बसवा.

*हवा उरली का, ते तपासा.* वाक्य संपताच त्याच श्वासात 'झालं' म्हणून पाहा. ते स्पष्ट निघालं, तर हवा पुरेशी होती. नसेल, तर वाक्य अजून लांब आहे. रेकॉर्ड करताना 'झालं'च्या जागी एक क्षण थांबा आणि मगच पुढचं वाक्य सुरू करा.

सुरुवातीला शेवटच्या शब्दावर हातोडा मारल्यासारखा जोर पडतो आणि बोलणं रागावल्यासारखं वाटतं. तसं झालं, तर जोर कमी करून 'नाही' बाकीच्या शब्दांच्या बरोबरीला आणा.

हा सराव सवयीसाठी आहे, आजारासाठी नाही. आवाज फक्त शेवटीच नव्हे तर दिवसभर घोगरा राहत असेल, बोलताना दुखत असेल किंवा हे तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.