मोर्चातला गुन्हा, नोकरी अन् पासपोर्ट : दंड भरला म्हणजे केस मिटली का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीनंतर किंवा एखाद्या आंदोलनानंतर तरुणांवर गुन्हे नोंद होणं नवीन नाही. त्याची झळ लागते ती चार-पाच वर्षांनी, पुण्यात नोकरी ठरते किंवा पासपोर्टचा अर्ज भरला जातो तेव्हा.

समजा, खानापूर तालुक्यातल्या एका मुलावर विसाव्या वर्षी बेकायदा जमाव अन् रस्ता अडवल्याचा गुन्हा दाखल झाला. जामीन झाला, दोषारोपपत्र कोर्टात गेलं आणि तारखा सुरू झाल्या. हेलपाट्यांना कंटाळून घरचे म्हणतात, "कबूल करून टाक, पाचशे-हजार दंड भरू, केस मिटेल." सगळ्यात मोठी चूक होते ती इथं. गुन्हा कबूल करून दंड भरला, की कायद्याच्या भाषेत तो मुलगा दोषी ठरला. दंड पाचशेचा असो वा पाच हजारांचा. लोकअदालतीत किरकोळ केस अशी मिटवली तरी तेच. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील करायला वावही फारसा उरत नाही. शिक्षा जास्त किंवा बेकायदा आहे एवढंच म्हणता येतं. म्हणून सही करण्याआधी वकिलाला एकच प्रश्न विचारावा : निकालपत्रात 'निर्दोष' लिहून येणार की 'दोषी'?

आता नोकरी. सरकारी नोकरीच्या पडताळणी फॉर्ममध्ये अटक झाली होती का, गुन्हा नोंद आहे का, केस चालू आहे का, शिक्षा झाली का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. 'सुटलो आहे, मग कशाला लिहायचं' म्हणून 'नाही' लिहिलं, तर मूळ गुन्ह्यापेक्षा ही लपवाछपवीच महागात पडते. पोलीस ठाण्यांच्या नोंदी आता देशभर संगणकाने जोडलेल्या आहेत, त्यामुळे गुन्हा कर्नाटकातला आणि नोकरी महाराष्ट्रात, ही पळवाट राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात यावर नियम घालून दिले. तरुण वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ प्रकरणातली माहिती लपवली गेली असली, तरी नोकरी देणारा ती चूक माफ करू शकतो, असं त्यात म्हटलं आहे. मात्र 'करू शकतो', 'केलीच पाहिजे' नव्हे. आणि खरी माहिती दिली, निर्दोष सुटका झाली, तरी पूर्वइतिहास पाहून निर्णय घेण्याचा हक्क खात्याकडे राहतोच.

पासपोर्टची गोष्ट वेगळी आहे. नुसता एफआयआर असेल आणि कोर्टाने अजून दखल घेतली नसेल, तर केस प्रलंबित धरायची नाही, असं परराष्ट्र खात्याने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कोर्टाने दखल घेतली की मात्र पासपोर्ट अडतो. तेव्हा जिथं केस चालू आहे त्याच कोर्टाकडे परदेशी जाण्याची परवानगी मागायची. १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या आदेशावर पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिली नसेल तर तो साधारण एकाच वर्षाचा निघतो, म्हणून अर्जातच मुदत मागून घ्यावी.

नोंद पुसता येते का? अमुक वर्षं उलटली की सज्ञान माणसाची नोंद आपोआप पुसली जाईल, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. १८ वर्षांखालच्यांना बाल न्याय कायद्याचं संरक्षण आहे. गंभीर प्रकरणं वगळता त्यांची नोंद ठराविक काळानंतर नष्ट करायची असते. इतरांसाठी मार्ग उरतात ते असे. पोलिसांनी बी रिपोर्ट दिला आणि कोर्टाने तो स्वीकारला, तर केस तिथंच संपते. गुन्हाच तकलादू असेल तर तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. बेळगावचा गुन्हा असेल तर धारवाड खंडपीठात, मुलगा आता पुण्यात राहत असला तरीही. सरकार खटला मागे घेऊ शकतं, पण मंत्रिमंडळाची घोषणा म्हणजे खटला मागे घेणं नव्हे. सरकारी वकिलाने अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. दोष शाबित झालाच तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सुटका मागता येते. त्यात दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषसिद्धी कागदावर राहते.

निकाल लागला की प्रमाणित प्रत घेऊन संबंधित पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा अन् पोच घ्यावी. नाहीतर पडताळणीत जुनीच 'प्रलंबित' नोंद वर येते.

व्हिसाच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. अमेरिकेच्या अर्जात कधीही अटक झाली होती का, हाच प्रश्न असतो, नंतर माफी मिळाली असली तरीसुद्धा. तिथं 'हो' लिहून निकालाची प्रत दाखवावी. खोटं उत्तर उघड झालं तर कायमची बंदी येऊ शकते. आपल्याकडचे कागद बहुतेक कन्नडमध्ये असतात. त्यामुळे इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवलेलं बरं, मुलाखतीची तारीख लागल्यावर धावपळ होते.