ताळा जुळतो, तरी उत्तर चुकते

दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणे शिकताना आपल्याला एक चांगली सवय लागते. x आणि y च्या किमती मिळाल्या की त्या मूळ समीकरणांत घालायच्या आणि ताळा पाहायचा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आल्या तर उत्तर बरोबर. संगणकावर मात्र प्रत्येक संख्या मोजक्याच अंकांत मावते, त्यामुळे तिथे ताळा तंतोतंत जुळत नाही, जवळजवळ जुळतो. मग प्रश्न असा पडतो की ताळा जवळजवळ जुळला तर उत्तरही जवळजवळ बरोबर असते का? कधी असते, कधी अजिबात नसते. यांपैकी आपली स्थिती कोणती, हे सांगणारा आकडा म्हणजे मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर. संख्यात्मक रेषीय बीजगणिताची ओळख वाचकांनी या आकड्यापासून करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी दहावीच्या पलीकडचे गणित सुरुवातीला फारसे लागत नाही.

एक छोटे उदाहरण समोर ठेवू. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन ते स्वतः करून पाहावे.

x + y = 2
x + 1.0001y = 2.0001

उत्तर सरळ आहे: x = 1, y = 1. आता समजा, कोणी तुम्हाला x = 0, y = 2 असे उत्तर आणून दिले. तुम्ही ताळा पाहिलात. पहिल्या समीकरणात डावी बाजू नेमकी 2 येते. दुसऱ्यात 2.0002 येते, हवी होती 2.0001. तफावत फक्त चौथ्या दशांश स्थळावर, एका अंकाची. एवढ्या तफावतीवर कोणीही उत्तर मान्य केले असते. पण x एकाऐवजी शून्य आहे आणि y दुप्पट आहे.

असे का घडते, ते आलेख काढला की डोळ्यांना दिसते. दोन्ही समीकरणांच्या रेषा जवळजवळ एकमेकींवर पडतात. त्यांचा छेदनबिंदू एकच आहे हे खरे, पण त्या बिंदूपासून बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही रेषा इतक्या लगत चालतात की त्या पट्ट्यातला कोणताही बिंदू दोन्ही समीकरणांना जवळपास पटतो. एक रेषा केसभर सरकवली की छेदनबिंदू लांब निघून जातो. रेषा काटकोनात छेदत असत्या, तर केसभर सरकण्याने बिंदूही केसभरच हलला असता.

हीच गोष्ट आता मोजून पाहू. समीकरणसंच Ax = b असा लिहू. उजव्या बाजूत δb इतका बदल झाला, तर उत्तरात होणारा बदल δx = A⁻¹ δb. म्हणून बदलाचा आकार ‖A⁻¹‖ पटीपेक्षा जास्त वाढू शकत नाही. दुसरीकडे b = Ax असल्याने ‖b‖ ही ‖A‖ ‖x‖ पेक्षा मोठी असू शकत नाही. ही दोन विधाने एकत्र केली की मिळते:

‖δx‖ / ‖x‖ ≤ ‖A‖ ‖A⁻¹‖ · ‖δb‖ / ‖b‖

मधला गुणाकार ‖A‖ ‖A⁻¹‖ म्हणजेच कंडिशन नंबर, κ(A). डावीकडे उत्तरातील सापेक्ष त्रुटी आहे, उजवीकडे दिलेल्या माहितीतील सापेक्ष त्रुटी, आणि κ सांगतो की ती जास्तीत जास्त किती पट वाढेल. तो 1 पेक्षा कमी कधीच नसतो.

आपल्या उदाहरणात आकार मोजण्याची सोपी रीत घेऊ: प्रत्येक ओळीतील संख्यांच्या केवल मूल्यांची बेरीज करायची आणि त्यांतली सर्वांत मोठी निवडायची. तशी ‖A‖ = 2.0001 येते. व्यस्त मॅट्रिक्समध्ये 0.0001 ने भागावे लागत असल्याने ‖A⁻¹‖ = 20001. गुणाकार साधारण 40004. ताळ्यातली तफावत 2.0001 मध्ये 0.0001, म्हणजे सापेक्ष मोजली तर सुमारे 0.00005. तिला 40004 ने गुणले की 2 येते. म्हणजे त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या ताळ्याआडून उत्तर 200 टक्क्यांपर्यंत चुकलेले असू शकते. आपले उत्तर 100 टक्के चुकले होते, मर्यादेच्या आतच. ही मर्यादा उगाच सैल ठेवलेली आहे असेही नाही. उजव्या बाजू 1.9999 आणि 2.0002 करून पाहा, म्हणजे दोन्हींत एकाच अंकाचा, पण उलट दिशांना बदल. उत्तर x = −1.0001, y = 3 येते. दोन्ही किमती सुमारे 2 ने सरकल्या आणि मर्यादा नेमकी गाठली गेली.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढेल की ताळा निरुपयोगी आहे. तसे नाही. ताळा वेगळाच दोष पकडतो. हा दुसरा संच पाहा: 10⁻²⁰x + y = 1 आणि x + y = 2. खरे उत्तर जवळजवळ x = 1, y = 1, आणि κ साधारण 4. म्हणजे प्रश्न अगदी सुस्वभावी आहे. पण ओळींची अदलाबदल न करता पहिल्या समीकरणाने x चा लोप केला, तर दुसऱ्या समीकरणात 1 − 10²⁰ आणि 2 − 10²⁰ अशा संख्या येतात. सोळा अंकांच्या संगणकाला त्या दोन्ही −10²⁰ च दिसतात. मग y = 1 आणि x = 0 असे उत्तर येते. इथे ताळा लगेच ओरडतो: दुसऱ्या समीकरणात 2 ऐवजी 1 आले. दोष पद्धतीचा होता. आधी ओळी बदलून घेतल्या असत्या तर तो टळला असता.

म्हणजे ताळा पद्धतीची परीक्षा घेतो आणि कंडिशन नंबर प्रश्नाची. उत्तरातली त्रुटी या दोहोंच्या गुणाकाराने बांधलेली असते. या एका वाक्यापर्यंत पोहोचायला गणितज्ञांना काही वर्षे लागली. 1943 मध्ये हॅरोल्ड होटेलिंग यांनी अशी भीती मांडली होती की चल वाढतील तशा लोप पद्धतीतल्या त्रुटी चाराच्या घातांनी फुगत जातील. 1946 मध्ये इंग्लंडमधील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ॲलन ट्युरिंग, जेम्स विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 चलांची 18 समीकरणे टेबलावरच्या गणकयंत्रांवर सोडवली. सुमारे दोन आठवडे लागले. ताळा त्यांच्या अपेक्षेहून कितीतरी चांगला जुळला. पुढच्याच वर्षी जॉन फॉन नॉयमन आणि हर्मन गोल्डस्टाइन यांचा मोठ्या मॅट्रिक्सच्या व्यस्तावरचा दीर्घ लेख आला, आणि 1948 च्या आपल्या लेखात ट्युरिंग यांनी या गुणकाला कंडिशन नंबर हे नाव दिले. विल्किन्सन यांनी पुढे दाखवले की ओळींची नीट अदलाबदल करत केलेली लोप पद्धत व्यवहारात जवळजवळ नेहमीच, दिलेल्या प्रश्नाच्या अगदी शेजारच्या प्रश्नाचे उत्तर देते. शेजारचे उत्तर आपल्या उत्तरापासून किती लांब, हे मग κ वर सोपवता येते.

हे संगणकावर पाहायचे असेल तर हिल्बर्ट मॅट्रिक्स घ्यावी. तिच्या i व्या ओळीत आणि j व्या स्तंभात 1/(i+j−1) असते. 0 ते 1 या अंतरात 1, x, x² अशा घातांनी एखादे फलन लघुतम वर्गांच्या रीतीने जुळवायला गेले की ती आपोआप समोर येते. डेव्हिड हिल्बर्ट यांनी 1894 मध्ये याच संदर्भात तिचा अभ्यास केला होता.

```python
import numpy as np
from scipy.linalg import hilbert
A = hilbert(10)
x = np.ones(10)
b = A @ x
y = np.linalg.solve(A, b)
print(np.linalg.cond(A))
print(max(abs(A @ y - b)))
print(max(abs(y - x)))
```

पहिली `print` ओळ साधारण 1.6 × 10¹³ छापते. दुसऱ्या ओळीतली ताळ्याची तफावत 10⁻¹⁵ च्या आसपास किंवा त्याहून लहान असते, म्हणजे ताळ्यात नाव ठेवायला जागा नाही. तिसऱ्या ओळीतली खरी त्रुटी मात्र तिच्यापेक्षा अब्जावधी पट मोठी निघते. नेमका आकडा यंत्रानुसार बदलतो. संगणक साधारण 16 सार्थ अंक धरतो आणि κ मध्ये दहाचा तेरावा घात आहे, म्हणून 13 अंक गेले आणि तीनेक उरले, हा अंदाज इथे चांगला लागू पडतो. चल 12 केले की κ 10¹⁶ ओलांडतो आणि एकाही अंकाची हमी उरत नाही. `np.linalg.solve` अशा वेळी कोणतीही सूचना देत नाही. विचारायचे ते आपणच.

इथे दोन गैरसमजांपासून वाचकांनी सावध राहावे. पहिला, निश्चयक लहान म्हणजे प्रश्न वाईट. कर्णावर सर्वत्र 0.1 आणि इतरत्र शून्य असलेल्या 100 चलांच्या मॅट्रिक्सचा निश्चयक 10⁻¹⁰⁰ असतो, पण तिचा κ नेमका 1 आहे. दुसरा, κ मोठा म्हणजे उत्तर हमखास चुकणार. x = 1 आणि 10⁻⁸y = 10⁻⁸ या संचाचा κ 10⁸ आहे, तरी तो सोडवताना काहीच बिघडत नाही. मोठा κ इथे फक्त दुसरे समीकरण वेगळ्या मापात लिहिल्यामुळे आला. त्याला 10⁸ ने गुणले की κ 1 होतो. कंडिशन नंबर सर्वांत वाईट शक्यता सांगतो, भाकीत करत नाही. म्हणून तो काढण्याआधी समीकरणे आणि चल समजूतदार मापांत आणून ठेवावेत.

κ खरोखरच मोठा असेल तर काय करावे? अंक वाढवून आकडेमोडीची त्रुटी कमी करता येते. पण उजवी बाजू मोजमापातून आली असेल आणि तीनच अंकांपर्यंत खात्रीची असेल, तर κ 10⁴ असताना जगातली कोणतीही पद्धत उत्तराची हमी देऊ शकत नाही. तिथे प्रश्नच नव्याने मांडावा लागतो. हिल्बर्टच्या प्रकरणात 1, x, x² यांच्याऐवजी 0 ते 1 या अंतरावर बसवलेल्या लजांद्र बहुपदी घेतल्या की मॅट्रिक्स फक्त कर्णापुरती उरते आणि अडचण नाहीशी होते. जुळवायचे फलन तेच असते, बदलते ती ते लिहिण्याची रीत.

पुढे समीकरणे सोडवताना वाचकांनी एवढे एक पथ्य पाळावे. उत्तर आले की ताळ्यातील सापेक्ष तफावत लिहावी, शेजारी κ लिहावा, दोहोंचा गुणाकार करावा, आणि मगच उत्तराचे किती अंक कागदावर उतरवायचे ते ठरवावे.