ब्लॅकने हजारपट गेन का सोडून दिला? निगेटिव्ह फीडबॅकची गोष्ट

कंट्रोल इंजिनिअरिंगच्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक सूत्र येतं: A/(1+Aβ). आपण ते वहीत उतरवतो, गणितं सोडवतो आणि पुढे जातो. पण हे सूत्र ज्या अडचणीतून जन्माला आलं ती अडचण माहीत असेल, तर त्यातलं प्रत्येक अक्षर कशासाठी आहे ते कळतं. म्हणून आज थोडा इतिहास.

1915 साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला. तारेतून जाताना आवाज क्षीण होतो, त्यामुळे वाटेत ठिकठिकाणी व्हॅक्यूम ट्यूबचे अ‍ॅम्प्लिफायर बसवलेले होते. पुढच्या काळात कंपनीला एकाच तारेच्या जोडीवरून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर अनेक संभाषणं पाठवायची होती. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरची संख्या खूप वाढवावी लागणार होती, आणि घोडं तिथेच अडलं.

का अडलं ते आकड्यांत बघू. व्हॅक्यूम ट्यूबचा गेन स्थिर नसतो. ट्यूब जुनी होते, बॅटरीचा व्होल्टेज थोडा हलतो, आणि गेन बदलतो. समजा प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरचा गेन फक्त 5 टक्क्यांनी घटला. एकच अ‍ॅम्प्लिफायर असेल तर फरक जाणवणारही नाही. पण असे 100 एकापुढे एक असतील तर 0.95 चा शंभरावा घात, म्हणजे साधारण 0.006. शेवटच्या टोकाला अपेक्षेच्या एक टक्काही सिग्नल उरत नाही. शिवाय ट्यूब सिग्नलचा आकारही थोडा बिघडवते. या डिस्टॉर्शनमुळे एका संभाषणाचे तुकडे दुसऱ्यात मिसळतात.

हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनिअर 1921 पासून यावर काम करत होता. बाकीचे लोक ट्यूबच अधिक चांगली बनवायच्या मागे होते. ब्लॅकने 1923 मध्ये वेगळा विचार केला: ट्यूब वाईटच आहे असं धरून चालू आणि तिची चूक वजा करू. आउटपुट योग्य प्रमाणात लहान करून त्यातून मूळ इनपुट वजा केलं की फक्त चूक उरते. ती दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने मोठी करायची आणि आउटपुटमधून काढून टाकायची. याला आज आपण फीडफॉरवर्ड म्हणतो. ते चाललंही, पण ही वजाबाकी नेमकी जमण्यासाठी दोन्ही बाजू तंतोतंत जुळाव्या लागत, आणि ट्यूब सरकल्या की कुणीतरी जाऊन पुन्हा जुळवाजुळव करायची. शेकडो अ‍ॅम्प्लिफायरसाठी हे शक्यच नव्हतं.

2 ऑगस्ट 1927 च्या सकाळी हडसन नदी ओलांडून बेल लॅबला जाताना, फेरीबोटीवर, ब्लॅकला उत्तर सुचलं. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने ते लिहून काढलं. कल्पना अशी: आउटपुटचा छोटासा भाग, β एवढा, मागे आणायचा आणि इनपुटमधून वजा करायचा. उरलेला फरकच अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा. इनपुट x, आउटपुट y धरलं तर

```
y = A(x − βy)
y/x = A/(1 + Aβ)
```

आता आकडे घालू. A = 100000 आणि β = 0.01 घ्या. एकूण गेन येतो 99.90. ट्यूब म्हातारी झाली आणि A निम्मा, म्हणजे 50000 झाला. एकूण गेन येतो 99.80. आतला गेन निम्मा झाला, बाहेर फरक फक्त 0.1 टक्के! आणि आपलं मघाचं उदाहरण: A 5 टक्क्यांनी घटला तर बाहेरचा गेन 0.005 टक्क्यांच्या आसपास घटतो. असे 100 जोडले तरी एकूण तूट अर्धा टक्काच. डिस्टॉर्शनही याच 1+Aβ पटीने घटतं.

फुकट काही मिळालेलं नाही, हे लक्षात घ्या. लाखाचा गेन शंभरावर आला. हजार पट गेन आपण मुद्दाम सोडून दिला. आणि Aβ खूप मोठा असेल तर एकूण गेन जवळपास 1/β होतो. म्हणजे चूक नाहीशी झाली नाही, तर भरवसा ट्यूबवरून β वर सरकला. β रेझिस्टरसारख्या साध्या घटकांनी बनतो आणि ते ट्यूबसारखे सरकत नाहीत. पण β च चुकीचा असेल तर फीडबॅक त्याला वाचवू शकत नाही. थर्मोस्टॅटमध्ये हेच दिसतं. खिडकी उघडली, बाहेर थंडी वाढली, हीटर थोडा कमजोर झाला, तरी खोलीचं तापमान तो सांभाळून घेतो. मात्र सेन्सरवरच ऊन पडत असेल, तर तो इमानदारीने खोली गारठवून ठेवेल.

ब्लॅकने पेटंटसाठी अर्ज केला 1928 मध्ये, पेटंट मिळालं डिसेंबर 1937 मध्ये. इतका उशीर का? कारण आउटपुट इनपुटला जोडलं की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ‘गायला’ लागतो, हा सर्वांचा अनुभव होता. आणि हा माणूस लूपमधला गेन हजार ठेवून तो शांत राहील म्हणत होता.

शंका निराधार नव्हती. सिग्नलला लूप फिरून यायला वेळ लागतो. थर्मोस्टॅटवर बघा. समजा तापमानाची चूक सेन्सरला 10 मिनिटं उशिरा कळते आणि हीटर चुकीच्या प्रमाणात उष्णता कमी-जास्त करतो. लूप गेन 0.5 असेल तर 1 अंशाची चूक पुढे −0.5, मग 0.25 अशी विरत जाते. लूप गेन 2 असेल तर 1, −2, 4, −8... हीटर त्याच्या मर्यादेला टेकेपर्यंत झोका वाढतच जातो. उशिरा आलेली वजाबाकी प्रत्यक्षात बेरीज ठरते. आणि भीतीपोटी गेन 0.5 ठेवला, तर बाहेरची गडबड फक्त दीडपटच कमी होते. म्हणजे फीडबॅक लावून फारसं काही साधलं नाही.

यातून वाट अशी निघते की सगळ्या फ्रिक्वेन्सींना गेन सारखा ठेवायचाच नाही. हळू बदलांना उशीर फारसा बाधत नाही, तिथे लूप गेन भरपूर ठेवायचा. फ्रिक्वेन्सी वाढते तसा उशीर अर्ध्या आवर्तनाइतका, म्हणजे 180 अंश होतो. तिथे पोचण्याआधी लूप गेन 1 च्या खाली आणायचा. हे नीट तपासायची रीत एटी अँड टीच्या हॅरी नायक्विस्टने 1932 मध्ये दिली. लूप एका जागी तोडा, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडा, तो किती पट आणि किती अंश मागे पडून परत येतो ते मोजा आणि वक्र काढा. आजच्या चिन्हपद्धतीत हा वक्र −1 या बिंदूला वेढा घालत नसेल, तर लूप जोडल्यावर अ‍ॅम्प्लिफायर शांत राहील (तोडलेला लूप स्वतः स्थिर आहे हे धरून). हा गेन कसा आणि किती वेगाने उतरवता येतो, याचं शास्त्र पुढे हेंड्रिक बोडेने उभं केलं. आपण काढतो ते बोडे प्लॉट त्याचेच.

प्रयोगशाळेत वक्र काढायची सोय नसेल तर एक साधी खूण सांगतो. इनपुट एकदम एका पायरीने बदला आणि आउटपुट बघा. ते सरळ नव्या जागी बसलं तर −1 पासून तुम्ही चांगले लांब आहात. बराच वेळ थरथरत बसलं तर वक्र त्या बिंदूच्या जवळून जातोय. तापमान थोडं बदललं किंवा लांब केबल जोडली तरी अ‍ॅम्प्लिफायर गायला लागू शकतो. पुढच्या वेळी A/(1+Aβ) लिहाल तेव्हा A आणि β हे नुसते आकडे समजू नका. दोन्ही फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतात, आणि एखाद्या फ्रिक्वेन्सीला Aβ = −1 झालं तर छेदात शून्य येतं. पेटंट कार्यालयाला वाटणारी भीती नेमकी त्या शून्याची होती.