शिशुनिद्रा, सुरक्षित

अर्भकास पहिले वर्ष पुरे होईपर्यंत दिवसा व रात्री उताणेच निजवावे. ओकलेले दूध श्वासनलिकेत जाईल, ही घरातील वडीलधाऱ्यांची धास्ती स्वाभाविक असली तरी निराधार आहे. कारण उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर राहत असल्याने दुधास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते, तर पालथ्या स्थितीत हा क्रम नेमका उलटतो. गादी सपाट व इतकी घट्ट असावी की तळहाताने दाबून सोडताच खळगा उरू नये. मऊ गोधडीत किंवा मोहरीच्या उशीत तोंड रुतल्यास बाळ स्वतःचाच उच्छ्वास पुनःपुन्हा आत घेते व त्यास प्राणवायू अपुरा पडतो. म्हणून उशी, लोड, सैल दुलई यांस अंथरुणात सक्त मनाई असावी. थंडीत अंगाबरोबर बसणारे जाडसर झबले पुरते.